कंपनीच्या सभासद नोंदवहीतून नाव वगळले किंवा चुकीने घातले गेले, तर एनसीएलटीतून दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः खासगी मर्यादित कंपन्यांसाठी, त्यातही घरगुती कंपन्यांसाठी आहे, कारण या तक्रारी जास्त तिथूनच येतात. कायदा म्हणजे कंपनी अधिनियम २०१३, कलम ५९. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, पुढे त्यालाच नुसते न्यायाधिकरण म्हटले आहे. समजायला सोपे जावे म्हणून शेवटपर्यंत एकच काल्पनिक उदाहरण वापरले आहे.

आधी ते उदाहरण सांगा.

पुण्यातली एक खासगी कंपनी. एकूण १०,००० शेअर, प्रत्येकी १०० रुपयांचे. थोरल्या भावाकडे ४,०००, धाकट्याकडे ३,००० आणि बहिणीकडे ३,०००. बहिणीचे शेअर क्रमांक ७,००१ ते १०,००० आणि त्यांचे प्रमाणपत्र कोल्हापुरात तिच्या कपाटात आहे. कारभार थोरला भाऊ पाहतो. जानेवारी २०२४ मध्ये बहिणीने सहज म्हणून कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचे वार्षिक विवरणपत्र उघडले. मार्च २०२२ अखेरच्या यादीत तिच्या नावापुढे ३,००० शेअर होते. मार्च २०२३ अखेरच्या यादीत तिचे नावच नाही आणि थोरल्या भावाकडे ७,००० शेअर दिसतात. चौकशी केल्यावर उत्तर आले, ‘तू १२ ऑगस्ट २०२२ ला शेअर माझ्या नावावर करून दिलेस की.’ तिने कशावरही सही केलेली नाही, तिला एक पैसाही मिळालेला नाही.

सभासद नोंदवही म्हणजे नेमके काय? प्रमाणपत्र हातात असेल तर नोंदवहीची काळजी कशाला?

कलम ८८ प्रमाणे प्रत्येक कंपनीने सभासदांची नोंदवही ठेवायची असते. तिचा ठरलेला नमुना एमजीटी-१ आहे. त्यात सभासद कोण, कधी झाला, किती शेअर, कोणत्या क्रमांकाचे आणि सभासदत्व कधी संपले, हे सगळे असते. सभेची सूचना, लाभांश, मतदान आणि हक्कभागांचा, म्हणजे जुन्या सभासदांना आधी देऊ केल्या जाणाऱ्या नव्या शेअरचा, देकार या गोष्टी नोंदवहीतल्या नावालाच मिळतात. कलम ९५ प्रमाणे नोंदवही हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. म्हणजे ती खोटी आहे हे दाखवेपर्यंत तीच खरी धरली जाते.

प्रमाणपत्राने मालकीचा दावा दाखवता येतो, पण सभेच्या दारात तुम्हाला आत घ्यायचे की नाही, हे नोंदवही पाहूनच ठरते. बहिणीची अडचण नेमकी हीच आहे.

कलम ५९ कोणत्या तक्रारींसाठी आहे?

तीन प्रकारच्या. पुरेशा कारणाशिवाय एखाद्याचे नाव नोंदवहीत घातले असेल, आधी घातलेले नाव पुरेशा कारणाशिवाय वगळले असेल, किंवा कोणी सभासद झाल्याची वा सभासदत्व संपल्याची नोंद करण्यात कसूर किंवा विनाकारण उशीर झाला असेल.

पहिल्या प्रकाराकडे लोकांचे दुर्लक्ष होते. तुमचे नाव कोणी काढलेले नसते. संचालक आपल्याच माणसांना गुपचूप नवे शेअर वाटतात आणि तुमचे ३० टक्के ८ टक्क्यांवर येतात. तिथे तक्रार ‘माझे नाव वगळले’ अशी नसून ‘त्यांची नावे पुरेशा कारणाशिवाय घातली’ अशी असते. अर्जाची मांडणी पहिल्या ओळीपासून त्याप्रमाणे करावी लागते.

अर्ज कोण करू शकतो?

ज्याच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती, कंपनीचा कोणताही सभासद, किंवा खुद्द कंपनी. बहीण गप्प बसली तरी धाकटा भाऊ अर्ज करू शकतो, कारण तो अजून नोंदवहीत आहे. कधीकधी हाच रस्ता सोपा असतो, कारण मग ‘अर्जदार सभासदच नाही’ ही हरकत निघतच नाही.

संचालक मंडळाने ठराव करून चूक दुरुस्त केली तर चालत नाही का?

नावातला काना-मात्रा, बदललेला पत्ता, आडनावाचे स्पेलिंग यांसाठी कोणी न्यायाधिकरणात जात नाही. कारण लिहून मंडळ ती नोंद सुधारते. पण कोणाचे सभासदत्व काढून घेणे किंवा झालेले हस्तांतर ‘रद्द’ ठरवणे हे मंडळाच्या हातात नाही. एकदा नोंद झाली की दुसऱ्या पक्षाला ऐकून घेऊन निर्णय देण्याचे काम न्यायाधिकरणाचे. आपसात मिटले तर थोरल्या भावाने ते शेअर नव्या हस्तांतर पत्राने बहिणीला परत देणे हाच सरळ मार्ग. मंडळाने आपल्या अधिकारात जुनी नोंद खोडून टाकायची, हा त्यातला मार्ग नव्हे. अशी खोडाखोड पुढच्या वादात दोन्ही बाजूंना नडते.

अर्ज करण्याआधी कोणती कागदपत्रे गोळा करावीत?

या प्रकरणांचा निकाल बहुतेक वेळा कागदांवरच लागतो, आणि निर्णायक कागद नेमके विरुद्ध बाजूच्या कपाटात असतात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधीचे दोन-तीन आठवडे या कामाला द्यावेत.

सुरुवात पोर्टलवरून करा. कंपनीची दाखल केलेली कागदपत्रे थोडी फी भरून पाहता येतात. गेल्या आठ-दहा वर्षांची वार्षिक विवरणपत्रे उतरवून घ्या. सर्वसाधारण कंपनीचे विवरणपत्र एमजीटी-७ नमुन्यात असते आणि छोट्या कंपनीचे एमजीटी-७ए मध्ये. सोबतच्या भागधारकांच्या याद्या एकाखाली एक ठेवल्या की नाव कोणत्या वर्षी गेले ते डोळ्यांना दिसते. नवे शेअर वाटले असतील तर पीएएस-३ हा अर्ज पाहा. त्यात कोणाला, किती आणि कोणत्या भावाने शेअर दिले ते मिळते.

मग कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून कलम ९४ प्रमाणे नोंदवही पाहायला मागा. सभासदाला पाहणी फुकट आहे, इतरांकडून कंपनी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते. प्रतीसाठी पानामागे कमाल १० रुपये, आणि फी भरल्यापासून सात दिवसांत प्रत द्यायची असते. ‘मी सभासद आहेच, तरी हरकत नोंदवून फी भरते’ असे लिहून पैसे भरून टाकावेत. पन्नास रुपयांवरून वाद घालत महिना घालवण्यात काही हशील नाही. कंपनीने नकार दिला किंवा पत्र घेतलेच नाही, तर तो लिफाफा जपून ठेवा. नोंदवही दाखवायला तयार नसलेल्या कंपनीबद्दल न्यायाधिकरणाचे मत काय होणार हे सांगायला नको.

पत्रात आणखी चार गोष्टी मागा: हस्तांतर पत्राची प्रत, ज्या प्रमाणपत्रावरून हस्तांतर झाले त्याची प्रत, मंडळाच्या ठरावाची तारीख, आणि दुसरी प्रत म्हणून नवे प्रमाणपत्र दिले असल्यास त्याची नोंद. मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क सभासदाला नसतो, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मात्र पाहता येते. त्यामुळे ही मागणी बहुधा नाकारली जाईल. हरकत नाही. पुढे न्यायाधिकरणाकडून ते हजर करून घेता येते, आणि ‘आधी मागितले होते, दिले नाही’ हे तेव्हा कामाला येते.

हस्तांतर खोटे आहे हे कागदावरून कसे ओळखायचे?

प्रत्यक्ष कागदी शेअरच्या हस्तांतराला कलम ५६ प्रमाणे काही गोष्टी लागतातच. एसएच-४ नमुन्यातले हस्तांतर पत्र हवे, त्यावर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या हव्यात, मुद्रांक हवा, आणि ते सही झाल्यापासून ६० दिवसांत प्रमाणपत्रासह कंपनीकडे पोचलेले हवे. १९७६ मध्ये मन्नालाल खेतान विरुद्ध केदारनाथ खेतान या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या, म्हणजे १९५६ च्या, कायद्यातल्या याच अटी बंधनकारक ठरवल्या. रीतसर हस्तांतर पत्र नसेल तर कंपनीने नोंद करायचीच नसते.

आता आपल्या उदाहरणात बघा. प्रमाणपत्र कोल्हापूरच्या कपाटात आहे. मग कंपनीकडे काय पोचले? इथे थोरल्या भावाकडे दोनच उत्तरे असू शकतात. एक, प्रमाणपत्राशिवायच नोंद केली. म्हणजे कसूर कबूल. दोन, ‘तिने प्रमाणपत्र हरवल्याचे सांगितले म्हणून दुसरी प्रत दिली.’ या दुसऱ्या उत्तराला पुरावा लागतो. दुसरी प्रत देण्याआधी मंडळाची संमती, हरवल्याचा पुरावा आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र घ्यायचे असते, आणि अशा प्रतींसाठी एसएच-२ नमुन्याची वेगळी नोंदवही असते. ती नोंदवही मागा. ती नसेल, किंवा एकाच शाईने, एकाच दिवशी भरल्यासारखी दिसत असेल, तर प्रकरण बरेचसे तिथेच उघडे पडते.

मुद्रांकही पाहा. १ जुलै २०२० पासून शेअर हस्तांतरावर किमतीच्या ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. एसएच-४ वर ३ लाख रुपये किंमत लिहिली असेल तर शुल्क ४५ रुपये होते. त्याआधी दर ०.२५ टक्के होता, म्हणजे त्याच किमतीला ७५० रुपये. २०२२ च्या तारखेच्या कागदावर ७५० रुपयांचे मुद्रांक असतील तर कागद कोणत्या काळात आणि कसा तयार झाला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चिकट मुद्रांक रद्द केलेला, म्हणजे त्यावर रेघ किंवा सही-तारीख असलेला हवा. तो रद्द केलेला नसेल तर कागद मुद्रांकाशिवायचाच धरला जातो.

शेवटी पैसे. ३ लाख दिल्याचे म्हणणे असेल तर कोणत्या खात्यातून आणि कोणत्या तारखेला? बहिणीने आपल्या सगळ्या खात्यांचे ऑगस्ट २०२२ च्या आगेमागचे सहा महिन्यांचे उतारे अर्जाला जोडावेत.

सही माझी नाही हे सिद्ध करायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागेलच का?

लागेलच असे नाही. प्रमाणपत्र हातात आहे, पैसे आले नाहीत, ठरावाचा पत्ता नाही, एवढे असेल तर सहीचा मुद्दा चौथ्या क्रमांकावर जातो. २०१८ च्या आदेश कौर विरुद्ध आयशर मोटर्स या प्रकरणात खोट्या सहीने शेअर दुसऱ्याच्या नावावर गेले होते. फसवणूक कागदांवरून उघड दिसत असताना अर्जदाराला दिवाणी न्यायालयात पाठवायचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

तज्ज्ञाचा अहवाल घ्यायचाच झाला तर झेरॉक्सवरून घेऊ नका. मूळ एसएच-४ हजर करण्याचा आदेश आधी मागा. त्याच काळातल्या निर्विवाद सह्या, म्हणजे बँकेच्या नमुना सहीचे कार्ड, पासपोर्ट, नोंदणीकृत दस्त, यांची यादी तयार ठेवा. मूळ कागद ‘सापडत नाही’ असे कंपनीने म्हटले तर ते तिच्याच विरुद्ध जाते.

‘हा मालकीचा गुंतागुंतीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा’ असे विरुद्ध बाजू म्हणते. खरे आहे का?

ही हरकत जवळपास प्रत्येक प्रकरणात येते, म्हणून ती जरा नीट समजून घ्यावी.

जुन्या कायद्याखाली १९९८ मध्ये अमोनिया सप्लाइज विरुद्ध मॉडर्न प्लास्टिक कंटेनर्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ आखली. प्रश्न खरोखर नोंदवहीच्या दुरुस्तीचा असेल तर कंपनी कायद्याखालचा मंच. दुरुस्तीच्या नावाखाली मालकीचाच गंभीर वाद असेल तर दिवाणी न्यायालय. २०१३ च्या कायद्यात कलम ४३० आले. न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या बाबींवर दिवाणी दावा चालणार नाही, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये शशी प्रकाश खेमका विरुद्ध एनईपीसी मायकॉन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर बोट ठेवून शेअर हस्तांतराचा वाद न्यायाधिकरणाकडेच पाठवला. पुढे २०२३ मध्ये आयएफबी अ‍ॅग्रो विरुद्ध सिक्जिल प्रकरणात दुसरी बाजू दिसली. दुरुस्तीचा अधिकार मर्यादित, झटपट स्वरूपाचा आहे, सेबीच्या नियमांचा भंग झाला का हे त्याआडून ठरवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चलसानी उदय शंकर विरुद्ध लेक्सस टेक्नॉलॉजीज या निकालात फसवणुकीचा नुसता आरोप झाला म्हणून न्यायाधिकरणाने हात झटकू नयेत, अशी भूमिका घेतली.

हे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण व्यवहारात त्यांचा अर्थ साधा आहे. नाव लागण्या-निघण्याचा प्रश्न सोडवण्यासाठी जेवढे ठरवावे लागते तेवढे न्यायाधिकरण ठरवते. एनसीएलटी नियम २०१६ मधला नियम ७० तर हक्काचा प्रश्न ठरवण्याचा अधिकार स्पष्टच देतो. पण मृत्युपत्र खरे की खोटे, विक्रीच्या कराराची अंमलबजावणी करा, वडिलांच्या सगळ्या मिळकतीची वाटणी करा, असे काही मागितलेत की प्रकरण कक्षेबाहेर सरकते.

म्हणून अर्ज लिहिताना संयम पाळा. आमच्या पाहण्यात अर्ज बिघडतो तो बहुतेक वेळा रागामुळे. चाळीस पानांत शेतजमीन, आईचे दागिने आणि १९९५ पासूनचे रुसवे आले की समोरचा वकील उभा राहून म्हणतो, ‘हा तर कौटुंबिक मालमत्तेचा वाद आहे.’ आणि ते पटते. बहिणीच्या अर्जात एकच प्रश्न हवा: १२ ऑगस्ट २०२२ च्या नोंदीला कायद्याला लागणारे कागद होते का?

मुदत किती?

कलम ५९ मध्ये स्वतंत्र मुदत दिलेली नाही. कलम ४३३ मुळे मुदत अधिनियम लागू होतो आणि त्यातल्या अनुच्छेद १३७ ची तीन वर्षांची मुदत धरली जाते.

तीन वर्षे कधीपासून, यावर भांडण होते. आपल्या उदाहरणात विरुद्ध बाजू म्हणेल, नोंद १२ ऑगस्ट २०२२ ची, मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. बहीण म्हणेल, मला जानेवारी २०२४ ला कळले, मुदत जानेवारी २०२७ पर्यंत. फसवणूक लपवलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजण्याची सोय मुदत अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहे. पण विवरणपत्र सार्वजनिक पोर्टलवर असल्याने ‘थोडी काळजी घेतली असती तर आधीच कळले असते’ असा युक्तिवाद होतो. सुरक्षित सल्ला असा, की नोंदीच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज टाका. तो काळ उलटला असेल तर कधी, कसे आणि कोणत्या कागदावरून कळले, हे अर्जात तारखेनिशी लिहा.

कळल्यानंतर ‘घरातच मिटवू’ म्हणून दीड वर्ष गेले, हे मुदत वाढवण्याचे कारण होत नाही.

माझे नाव काढलेले नाही, विकत घेतलेले शेअर नावावर करायलाच कंपनी तयार नाही. तेव्हा?

तो मुख्यतः कलम ५८ चा विषय आहे आणि तिथल्या मुदती फार तोकड्या आहेत. खासगी कंपनीने कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत कारणांसह नकार कळवायचा असतो. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे, आणि कंपनीने काहीच कळवले नाही तर कागद दिल्यापासून ६० दिवसांत. सार्वजनिक कंपनीसाठी अपिलाचे हेच आकडे अनुक्रमे ६० आणि ९० दिवस आहेत. कंपनीची स्मरणपत्रांना येणारी गोड उत्तरे वाचत लोक इथे हमखास मुदत घालवतात.

अर्ज कुठे आणि कसा दाखल करायचा?

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात, तिथल्या खंडपीठात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी मुंबई खंडपीठ. तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही. पुण्यातल्या कंपनीसाठी कोल्हापूरच्या बहिणीलाही मुंबईच.

नियम ७० प्रमाणे अर्ज एनसीएलटी-१ या नमुन्यात, सोबत एनसीएलटी-६ नमुन्यातले पडताळणीचे प्रतिज्ञापत्र, नियमांच्या परिशिष्टात सांगितलेली कागदपत्रे, ठरलेली फी आणि वकीलपत्र. दाखल करणे ऑनलाइन होते. त्यानंतर छाननीत त्रुटी निघतात. पानांवर क्रमांक नाहीत, जोडपत्र वाचता येत नाही, मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर नाही, अशा त्या असतात. मराठीतली पत्रे आणि इतिवृत्ते जोडणार असाल तर भाषांतर आधीच करून ठेवा. दाखल केल्यावर अर्जाची प्रत कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर लगेच बजावायची असते.

स्वतः उभे राहता येते. वकिलाखेरीज सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा कॉस्ट अकाउंटंटलाही तुमच्या वतीने बाजू मांडता येते.

कोणाला प्रतिवादी करायचे?

कंपनी तर हवीच. ज्याच्या नावावर शेअर गेले तो हवा, कारण त्याला न ऐकता त्याचे नाव काढता येत नाही. त्याने पुढे बायको-मुलांना काही शेअर दिले असतील तर तेही. एखादा सुटला तर नेमके त्याच्या नावावरचे शेअर आदेशातून निसटतात. हस्तांतर मंजूर करणाऱ्या संचालकांना जोडणे उपयोगी पडते. शेअर दरम्यान डीमॅट झाले असतील तर डिपॉझिटरीलाही, म्हणजे डीमॅट शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेलाही, जोडा, कारण तेव्हा तिच्या नोंदीत दुरुस्ती लागते आणि कलम ५९ तसा आदेश द्यायला परवानगी देते. आपल्या उदाहरणातली कंपनी छोटी असल्यामुळे शेअर अजून कागदीच आहेत.

निकाल लागेपर्यंत थोरल्या भावाने सगळे फिरवून टाकले तर?

अंतरिम आदेशाची मागणी त्यासाठीच असते आणि ती मूळ अर्जाइतकीच विचार करून लिहावी लागते. कलम ५९(३) सांगते की न्यायाधिकरणाने मतदानाचा हक्क स्थगित केला नाही तोवर शेअर घेणाऱ्याला मतदान करता येते. नुसता अर्ज पडून आहे म्हणून त्याचे हात बांधले जात नाहीत.

हिशेब मांडून पाहा. आधी थोरल्याकडे ४० टक्के होते, साधा ठरावही त्याला एकट्याने करता येत नव्हता. आता ७० टक्के आहेत. साध्या ठरावाने तो धाकट्या भावाला संचालकपदावरून काढू शकतो. विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात, तिथे तो अजून कमी पडतो. पण हक्कभाग काढले तर देकार नोंदवहीतल्या सभासदांनाच जातो, बहिणीला नाही. धाकट्याने पैसे भरले नाहीत तर त्याचा वाटाही आणखी उतरतो. मग दोन वर्षांनी ३,००० शेअर परत मिळाले तरी ते ३० टक्के राहणार नाहीत.

म्हणून मागणी अशी करा: क्रमांक ७,००१ ते १०,००० या शेअरवर मतदान स्थगित ठेवावे, ते विकू, गहाण ठेवू किंवा कोणाला देऊ नयेत, आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय नवे शेअर वाटू नयेत. ‘कंपनीचा सगळा कारभार थांबवा’ असे मागू नका. ते मिळत नाही, आणि मागणी अवाजवी दिसली की बाकीचेही डळमळते.

अंतिम मागण्यांत काय लिहावे?

१२ ऑगस्ट २०२२ ची नोंद पुरेशा कारणाशिवाय केलेली म्हणून रद्द करावी. शेअरचे क्रमांक लिहून, त्यांपुढे अर्जदाराचे नाव पुन्हा लावावे. मधल्या काळातला लाभांश, बोनस किंवा हक्कभाग द्यावेत. नुकसानभरपाई द्यावी. नियम ७० मध्ये लाभांश, बोनस आणि हक्कभागांबद्दलच्या आनुषंगिक आदेशांचा उल्लेख आहे. पण मागितले नाही तर बहुधा मिळत नाही.

नुकसानभरपाई मागताना आकडा आणि त्याचा हिशेब द्या. ‘योग्य ती भरपाई’ या शब्दांवर फारसे काही हाती पडत नाही.

सभासदच नाही म्हटल्यावर अन्याय व गैरव्यवस्थापनाचा अर्ज करता येईल का?

कलम २४१ च्या अर्जाला कलम २४४ प्रमाणे साधारण दहा टक्के शेअर किंवा ठरावीक संख्येचे सभासद लागतात. बहिणीचे ३० टक्के होते, पण आज नोंदवहीत शून्य. हरकत येणारच. कंपनीतून पैसे बाहेर काढले जात असतील, खाती दाबली असतील, तर दोन्ही कलमे एकत्र घेऊन अर्ज करतात आणि सभासदत्वाचा प्रश्न आधी ठरवण्याची विनंती करतात. तक्रार फक्त नोंदीची असेल तर कलम ५९ वरच थांबा.

वडील वारले. कंपनी आमची नावे लावत नाही, नामनिर्देशित असलेल्या काकांचे लावले.

नामनिर्देशित व्यक्ती अंतिम मालक होत नाही, वारसांचे हक्क शाबूत राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात स्पष्ट केले. पण याचा अर्थ काकांचे नाव लावणे लगेच ‘विनाकारण’ ठरते असा नाही. नामनिर्देशन रीतसर असेल तर कंपनीने त्याच्या नावावर नोंद करणे चुकीचे नसते. वारसांचे भांडण काकांशी राहते.

नामनिर्देशन नसेल तर वारसांनी कंपनीला मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा द्यायचा असतो. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाकडून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळणारा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र देतात. तलाठ्याचा किंवा नगरसेवकाचा दाखला घेऊन कंपनीशी भांडू नका. वारसांमध्येच वाद असेल तर तो आधी दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो.

आदेश मिळाला. पुढे?

हस्तांतर किंवा वारस नोंद करण्याचा आदेश असेल तर तो मिळाल्यापासून दहा दिवसांत कंपनीने नोंद करायची. प्रमाणित प्रत घेऊन स्वतः कंपनीला बजावा. कंपनी निबंधकाकडे आदेश दाखल करायचा असेल तर आयएनसी-२८ हा अर्ज लागतो. नोंदवहीत जुनी ओळ पुसायची नसते, दुरुस्तीपुढे न्यायाधिकरणाच्या आदेशाचा उल्लेख करायचा असतो. पाहणी करून तो उल्लेख आणि शेअरचे क्रमांक बरोबर आहेत ना, ते बघा. पुढच्या वार्षिक विवरणपत्रातली यादीही तपासा.

कंपनी ऐकत नसेल तर आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी करून घेता येते (कलम ४२४) आणि अवमानाची कारवाईही मागता येते (कलम ४२५). कलम ५९ मधली दंड-कैदेची स्वतंत्र तरतूद २०२० च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. जुन्या पुस्तकातून उतरवलेल्या नोटिसांमध्ये ती अजूनही दिसते.

निकाल विरुद्ध गेला तर?

आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणात. योग्य कारण असेल तर आणखी ४५ दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. तिथून कायद्याच्या प्रश्नावर ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.

खोट्या सहीची पोलिसांत तक्रार करावी का? केली तर इथला अर्ज थांबतो का?

करता येते आणि त्याने अर्ज थांबत नाही. फक्त दोन्हीकडे सांगितलेल्या तारखा आणि तपशील तंतोतंत जुळले पाहिजेत. पोलिसांत ‘मार्चमध्ये कळले’ आणि अर्जात ‘जानेवारीत कळले’ असे लिहिले की मुदतीचा मुद्दा आपणच समोरच्याच्या हातात देतो.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीने सभासद यादीतून नाव काढले. हाच अर्ज करायचा का?

नाही. सोसायटी ही कंपनी नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो आणि तक्रारीच्या स्वरूपाप्रमाणे उपनिबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जावे लागते. एनसीएलटीत टाकलेला असा अर्ज दारातूनच परत येतो.